कोरा रकाना

आज इंटर्नशिपची पहिलीच मुलाखत. मी दुसऱ्या वर्षाला, रेझ्युमेत प्रोजेक्टचा रकाना कोरा. मॅडम म्हणाल्या, "बरं, लॅबमधलं एखादं असाइनमेंट सांग."

मी लिंक्ड लिस्ट सांगितली, म्हणजे साखळीसारखी यादी, जिच्यात प्रत्येक कडी म्हणजे नोड आणि पुढच्या नोडचा पत्ता म्हणजे पॉइंटर. नोड काढायचा तर आधीच्या नोडचा पॉइंटर पुढच्या नोडकडे वळवायचा.

"आणि पहिलाच नोड काढायचा असेल तर?"

लॅबमध्ये नेमकी तिथेच माझी दांडी उडाली होती! आधीचा नोडच नसतो, त्यामुळे प्रोग्रॅम क्रॅश व्हायचा. पायरीपायरीला प्रिंट टाकून चूक शोधली आणि हेड, म्हणजे पहिल्या नोडकडे बोट दाखवणारा पॉइंटर, पुढे सरकवला, तेही सांगितलं. पुढची 20 मिनिटं त्या यावरच बोलत होत्या. (मार्क किती, विचारलंच नाही.)

"लिस्ट रिकामी असेल तर?" इथे मात्र मी गप्प.

घरी येऊन आधी तेच चालवून पाहिलं. क्रॅश!