तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रीजरच्या पाकिटावरची तीन वाक्यं

"इंग्रजीत कसं, इन, ऑन, फ्रॉम असे सुटे शब्द असतात. फिनिशमध्ये ते नाहीत, नुसतं शब्दाला शेपूट लावतात म्हणे. मग साधी चार ओळींची सूचना मराठीत आणताना नेमकं करता काय?"

पहिलं म्हणजे इंग्रजी मधे घेतच नाही. आपल्याला सवय अशी असते की फिनिश शब्द दिसला की डोक्यात आधी फ्रॉम किंवा इन उमटतं आणि मग त्याचं मराठी शोधायचं, आणि तिथेच गडबड होते, कारण फिनिशने जे आधीच स्पष्ट सांगितलेलं असतं ते इंग्रजीत शिरल्यावर पुसलं जातं आणि आपण ते पुन्हा अंदाजाने लावत बसतो.

एक उदाहरणच घेऊ. इथे फिनलंडमध्ये दुकानात फ्रोझन पिराक्का मिळतात, राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भाताची घट्ट लापशी भरलेल्या. पाकिटावर साधारण या धर्तीचं काहीतरी असतं (उच्चार देवनागरीत जमतील तसे लिहितेय, चालवून घ्या):

"नोस्ता पीराकात पाकास्तिमेस्ता पेल्लिल्ले. पाइस्ता ऊनिन केस्कितासोल्ला २२५ आस्तेस्सा नोइन १५ मिनूत्तिआ कुल्लानरुस्केइक्सि. वोइतेले कूमिना सुलातेतुल्ला वोइल्ला या यॅतॅ लीनान आल्ले पेह्मेनेमॅन."

पाकास्तिन म्हणजे फ्रीजर. पाकास्तिमेस्ता मधला शेवटचा -स्ता म्हणजे आतून बाहेर. वस्तू जमिनीवर पडलेली असती तर लात्तिआल्ता आलं असतं, तिथे -ल्ता, म्हणजे वरून. इंग्रजीत दोन्हीला फ्रॉम. आणि मराठीत? फ्रीजरमधून, जमिनीवरून. अगदी फिनिशसारखाच फरक आपण रोज करतो, फक्त आपल्याला कोणी विभक्ती म्हणून शिकवलेला नसतो. इंग्रजीमार्गे जाणारा मात्र फ्रॉमपाशी अडतो आणि मग "फ्रीजरपासून" असलं काहीतरी लिहून बसतो. पेल्लिल्लेचंही तेच. पेल्ति म्हणजे ओव्हनचा पत्र्याचा ट्रे, -ल्ले म्हणजे त्याच्यावर नेऊन. ट्रेवर. बास, झालं.

सामान्यरूपाचं दुखणंही सारखंच आहे. आपण पाणीत म्हणत नाही, पाण्यात म्हणतो, तसं तिकडे वेसि म्हणजे पाणी आणि वेदेस्सॅ म्हणजे पाण्यात. पाकास्तिनचं पाकास्तिमे होतं ते यामुळेच. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याला यात धक्का बसायचं काही कारण नाही.

पण एका जागी मराठी फिनिशपेक्षा आळशी आहे, आणि ही जागा नीट बघा. फिनिशमध्ये ऊनिस्सा म्हणजे ओव्हनमध्ये (आहे), आणि ऊनीन म्हणजे ओव्हनमध्ये (घाल). दोन वेगळे प्रत्यय. आपल्याकडे दोन्हीला मध्ये किंवा -त. ट्रेवर आहे आणि ट्रेवर ठेव, दोन्हीला वर. म्हणजे बाहेर काढताना आपण फिनिशइतकेच काटेकोर, तून वेगळं, वरून वेगळं, पण आत घालणं आणि आत असणं यातला फरक आपण क्रियापदावर सोडून देतो. म्हणून ऊनीन दिसलं की मी मराठीत क्रियापद ठसठशीत घेते, घाला, ठेवा, सरकवा, आणि "ओव्हनमध्ये करा" असलं मोघम ठेवत नाही.

त्यात ऊनिन आणि ऊनीन हा अजून एक छळ. ऱ्हस्व नि वालं ऊनिन म्हणजे ओव्हनचा, षष्ठी. दीर्घ वालं ऊनीन म्हणजे ओव्हनमध्ये. आपल्या पाकिटावर ऱ्हस्व आहे, पुढे केस्कितासोल्ला आहे, म्हणजे ओव्हनच्या मधल्या पातळीवर. मराठीत मी "मधल्या कप्प्यात" लिहिते, -ल्ला म्हणजे वर हे माहीत असूनही, कारण कप्पा म्हटलं की आपल्या तोंडी -त च येतं. कोणाला "मधल्या जाळीवर" आवडत असेल तर तेही बरोबर. आणि २२५ आस्तेस्सा, शब्दशः २२५ अंशांत, ते आपण २२५ डिग्रीवर म्हणतो. खरीखुरी जागा असेल तर प्रत्ययाला प्रत्यय बसतो, पण तापमान, वेळ, भाव असलं काही आलं की प्रत्येक भाषेचा आपापला हट्ट असतो, तिथे आपल्या कानाचं ऐकायचं.

आता जे लोक प्रत्ययांचा तक्ता भिंतीला चिकटवून भाषांतर करतात त्यांच्यासाठी. नोस्ता आणि पाइस्ता, दोन्हींच्या शेवटी -स्ता आहे, पण ती विभक्ती नाही हो! ती आज्ञार्थी क्रियापदं आहेत, उचला आणि भाजा. वाक्याच्या सुरुवातीला आहेत आणि मूळ क्रियापदं नोस्ताआ, पाइस्ताआ आहेत, यावरून ओळखायचं. आणि पीराकात मधला त बघून "पिराक्क्यात" वाटेल, तर तो नुसता अनेकवचनाचा त आहे 😄

तिसरं वाक्य मला सगळ्यात आवडतं. सुलातेतुल्ला वोइल्ला, वितळलेलं बटर, दोन्ही शब्दांना -ल्ला. ट्रेवर, जाळीवर शिकलेला माणूस इथे "बटरवर" लिहितो आणि वाचणाऱ्याला कळत नाही की बटरवर नेमकं काय करायचं. हाच -ल्ला साधन दाखवायलाही येतो, वेइत्सेल्लॅ म्हणजे सुरीने. तेव्हा शब्दशः झालं "वितळलेल्या बटरने माखा". पण स्वयंपाकघरात असं कोण बोलतं, आपण बटर लावतो. मग "वितळलेलं बटर लावा", ने सुद्धा गेला. विशेषणाला परत तोच प्रत्यय लावायची त्यांची रीत आहे, आपल्याकडे विशेषण सामान्यरूपावर भागवतं (मोठ्या पातेल्यात, मोठ्यात पातेल्यात नाही), त्यामुळे दोन सारख्या शेपट्या लागोपाठ दिसल्या तर एकच गोष्ट धरायची.

कुल्लानरुस्केइक्सि मधला -क्सि म्हणजे तसं बनेपर्यंत, सोनेरी तांबूस होईपर्यंत. कूमिना मधला -ना म्हणजे त्या अवस्थेत असताना, गरम असतानाच. इंग्रजीत अंटिल आणि व्हाइल लागतात, आपल्याकडे "होईपर्यंत" आणि "असतानाच" घातलं की वाक्य आपोआप बसतं. इथे प्रत्ययाच्या बदल्यात प्रत्यय शोधत बसलं तर दिवस जाईल.

शेवटचं लीनान आल्ले पेह्मेनेमॅन. लीनान म्हणजे कापडाच्या. आल्ले म्हणजे खाली (नेऊन), आल्ला म्हणजे खाली (आहे), आल्ता म्हणजे खालून. पुन्हा तेच बघा, आपले दोन शब्द, त्यांचे तीन. आणि पेह्मेनेमॅन म्हणजे मऊ व्हायला, क्रियापदालाच "आत जाण्याचा" प्रत्यय, आपण जसं व्हायला, करायला यांत ला लावतो तसाच. मराठी माणसाला हे इंग्रजीतून समजावून घ्यायची काय गरज आहे सांगा.

तर पाकीट मराठीत असं येतं: "पिराक्का फ्रीजरमधून काढून ट्रेवर ठेवा. ओव्हनच्या मधल्या कप्प्यात २२५ डिग्रीवर साधारण १५ मिनिटं, सोनेरी तांबूस होईपर्यंत भाजा. गरम असतानाच वितळलेलं बटर लावा आणि मऊ व्हायला कापडाखाली ठेवून द्या." नोस्ता एकटाच होता, आपल्याला काढून आणि ठेवा अशी दोन क्रियापदं लागली, कारण आपलं उचला एका दमात तिथून इथे पोचत नाही.

माणसं आली की मात्र हाच तक्ता बदलतो. आन्ना लाप्सेल्ले म्हणजे मुलावर नाही, मुलाला द्या, आणि मिनुल्ता म्हणजे माझ्यावरून नाही, माझ्याकडून.