कोरस डीमध्ये, कान मात्र जीमध्ये

आमच्या एका गाण्याच्या कोरसमध्ये कॉर्ड तीनच होत्या: डी, सी आणि जी. डी हा षड्ज धरला तर सगळे सूर शुद्ध, फक्त निषाद कोमल. हाच मिक्सोलिडियन, आपल्या खमाज थाटाचे सूर. लय निवांत, मिनिटाला ९६ ठोके. कागदावर चूक दिसत नव्हती, तरी दोन-तीन फेऱ्या झाल्या की गाणं जीमध्ये आहे असं वाटायचं आणि डीवर परतणं उपरं लागायचं. पूर्ण तालीम त्यातच गेली.

डी, सी, जी या जी मेजरच्याही पाचव्या, चौथ्या आणि पहिल्या कॉर्ड आहेत. आमच्या मांडणीत डीला एक बार, सीला एक आणि जीला दोन होते, शिवाय ओळ जी सुरावरच संपत होती. कान जिथे जास्त विसावतो तेच त्याला घर वाटतं. मग बार बदलले: डी दोन, सी एक, जी एक. ओळीचा शेवट पुढे ढकलून परतलेल्या डी कॉर्डवर, एफ शार्पवर नेला. शुद्ध गंधार तिथे लागला की घर पक्कं होतं. पहिल्या फेरीत बासने तिन्ही कॉर्डखाली डीच धरून ठेवला.

तरी ओढ उरलीच होती. मुख्य आवाज डी कॉर्डवर ए धरायचा आणि साथीचा आवाज सवयीने त्याच्या वर सी लावायचा. डीमध्ये सी मिसळला की ती डी सेव्हन्थ होते आणि सरळ जीकडे खेचते. साथीला एफ शार्प दिला, सी हा सूर सी कॉर्डसाठी राखून ठेवला.

सी कॉर्डवरून डीकडे चढताना मुख्य गायक मात्र सी शार्प लावत होता आणि तो कॉर्डमधल्या सीशी घासत होता. अशा वेळी गायकाला बेसूर ठरवतात, ते मला पटत नाही. त्याचा सूर नेमका होता, शुद्ध निषादाची सवय आड येत होती. चाल वरून, ई सुरावरून डीवर उतरवली आणि प्रश्न सुटला.

दुसऱ्या गिटारचा भाग मला सर्वांत आवडतो. बी तारेवर तिसरा पडदा, मग पहिला, मग मोकळी तार, शेवटी जी तारेवर दुसरा पडदा: डी, सी, बी, ए. प्रत्येक सूर आपापल्या कॉर्डमधलाच, आणि षड्जाकडे रेटणारा सी शार्प कुठेच नाही, म्हणून ही उतरण सैल, आरामशीर वाटते. सी कॉर्ड अर्धा ठोका आधी घेतली, नाहीतर तीच रेघ रेंगाळते.

कडव्याच्या शेवटी ए मेजर होती, तिच्यात सी शार्प येतो म्हणून मी ती काढून जी ठेवली. आता ध्वनिमुद्रण ऐकताना वाटतं, शेवटच्या कोरसआधी एकदा ती राहू द्यायला हवी होती. त्या सी शार्पनंतर लागलेला सी अधिक कोमल वाटला असता.