पाच अंशांचा मेसेज

मेसेज असा होता: "नमस्कार मॅडम, घरी पाहुणे येणार असल्याने उद्यापासून काही दिवस यायला जमणार नाही. कळावे."

पाहुणे वगैरे कोणी येणार नव्हते. मी तो पाठवलाही नाही. रात्री साडेनऊला टाइप केला, दोनदा वाचला आणि पुसला. अडचण 'काही दिवस' या शब्दांची होती. काही दिवसांनी मॅडम विचारणार, "काकू, पाहुणे गेले का?" मग मी काय सांगणार? पाहुण्यांना किती दिवस ठेवून घेणार?

झालं होतं असं, की माझा डावा खांदा आखडला होता. फ्रोझन शोल्डर. फिजिओथेरपीची बारा सेशन झाली होती, आठ बाकी होती, आणि वरच्या फळीवरचा साखरेचा डबा अजूनही उजव्या हातानेच काढावा लागत होता. दुसऱ्या पॅकेजचे पैसे आगाऊ भरले होते, म्हणून सोडवतही नव्हतं. आमच्या ह्यांचा सल्ला साधा होता, "जाऊ नकोस, फोन आला तर उचलू नकोस." पुष्कळ लोक हेच करतात म्हणे. पण मॅडमनी, म्हणजे त्या फिजिओ मुलीने, माझ्यासाठी मंगळवार-शुक्रवारची पाऊण-पाऊण तासाची वेळ राखून ठेवली होती. शिवाय पेशंट न सांगता गायब झाला, की तो बरा झाला, कंटाळला की दुसरीकडे गेला, हे फिजिओला कधीच कळत नाही. फाइल नुसती उघडी राहते.

दुसरा मसुदा रागाचा होता. "बारा सेशननंतरही काहीच फरक नाही." हे लिहिल्यावर मात्र माझंच बोट थांबलं. काहीच म्हणजे काय? एवढं मोठं विधान करायचं तर हाताशी पुरावा हवा. मी फाइल काढली.

फाइलमध्ये पहिल्या दिवसाचे आकडे होते. मोजायचं साधन कंपासपेटीतल्या कोनमापकासारखंच असतं, फक्त त्याला दोन लांब पट्ट्या. एक पट्टी अंगाशी, एक दंडाशी धरायची आणि मधला कोन वाचायचा. त्याला गोनिओमीटर म्हणतात. पहिल्या दिवशी हात समोरून वर ९५ अंश जात होता, सहा आठवड्यांनी ११५. आणि कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला उघडायचा, तो दहाचा पंधरा झाला होता.

म्हणजे फरक होता की! मी जरा ओशाळले. मग आठवलं, की मॅडमच एकदा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना सांगत होत्या, "पाच अंश इकडेतिकडे मोजण्यातच होतात, त्यावर खूश होऊ नका आणि रडूही नका." तेव्हा आजोबांकडे बघून मी हसले होते. आता दहाचे पंधरा माझे होते. म्हणजे ते पाच अंश माझ्या खांद्याने कमावले, की पट्टी थोडी तिरपी धरली गेली, हे देवालाच ठाऊक.

बरं, वरचे वीस तरी खरे का? इथे मला आमच्या स्वयंपाकघरातली भिंत आठवली.

भिंतीवर बोटांनी चढायचा एक व्यायाम असतो. भिंतीसमोर उभं राहायचं आणि कोळ्यासारखी बोटं टाकत हात वर न्यायचा. जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. मी फ्रिजशेजारच्या भिंतीवर रोज रेघा मारत होते. त्या रेघा दर आठवड्याला नेमाने वर चढत होत्या आणि मी प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते. दिवाळीला रंग देताना ते तेवढं सोडायचं, असंही सांगून झालं होतं. मग एके दिवशी भाची ओट्याशी चहा गाळत असताना म्हणाली, "मावशी, तू टाचा का उचलतेस?"

मी टाचा उचलत होते. कंबरेतून उजवीकडे कलतही होते. आणि सगळ्यात मोठी चोरी म्हणजे खांदा कानाकडे उचलत होते.

ही चोरी माझ्या एकटीची नाही, ती या दुखण्याचीच आहे. ब्लाउजचा मुंढा आखूड झाला, की काय होतं आठवून बघा. हात वर केला, की सगळा ब्लाउजच वर सरकतो. खांद्याच्या सांध्याभोवती पातळ आवरणाची एक पिशवी असते आणि तिला खाली बगलेच्या बाजूला ढिला घोळ असतो, कुडत्याच्या बगलेत कळी घालतात तसा. हात डोक्यावर नेताना तो घोळ उलगडतो. फ्रोझन शोल्डरमध्ये ही पिशवी आधी सुजते, मग जाड होऊन आकसते आणि घोळ संपतो. मग हात सांध्यातून वर जायचं सोडून पाठीवरच्या फऱ्याला, म्हणजे त्या त्रिकोणी हाडाला, बरोबर घेऊन वर जातो. बघणाऱ्याला वाटतं, हात उठला. उठलेला असतो ब्लाउज.

म्हणून तर मॅडम एका हाताने फरा दाबून धरायच्या आणि मगच दुसऱ्या हाताने माझा दंड वर न्यायच्या. "काकू, खांदा उचलू नका," हे वाक्य मी बारा सेशनमध्ये किती वेळा ऐकलं असेल! त्यांनी धरलं, की कोन झटकन कमी व्हायचा, आणि मला वाटायचं की ही पोरगी माझी प्रगती दाबून ठेवतेय.

कोपर चिकटवून हात बाहेर उघडताना ही लबाडी फारशी चालत नाही. म्हणूनच तो आकडा दहा-पंधरावर अडला होता आणि बहुधा तोच खरं बोलत होता.

एव्हाना साडेदहा वाजले होते. मेसेज कोरा होता आणि मी मात्र फाइल, भिंत आणि स्वतःला तपासत बसले होते. हळू का होतंय याचं कारण लिहायचं, तर माझ्या बाजूचंही लिहायला हवं होतं. काठीचा व्यायाम दिवसातून तीनदा सांगितला होता, मी लाटणं घेऊन एकदा करत होते, तेही पोळ्या करायच्या आधी लाटणं हातात आलंच आहे म्हणून. टेबलावर वाकून हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा व्यायाम मी मालिका बघत करायचे. आणि पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर 'मधुमेह?' याच्यापुढे मी लिहिलं होतं, "आहे, कंट्रोलमध्ये." त्या महिन्यातला माझा साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ८.४ होता. याला कंट्रोल म्हणायचं तर आमच्या गल्लीतल्या वाहतुकीलाही म्हणावं लागेल. मधुमेह असणाऱ्यांना हे दुखणं जास्त वेळा होतं आणि सुटायलाही जास्त वेळ घेतं, हे हाडांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ते मॅडमपर्यंत पोचवलंच नव्हतं.

'फ्रोझन शोल्डर' हे नाव १९३४मध्ये कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनने दिलं. त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय, की याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड आणि कारण समजावणंही अवघड. जपानी लोक त्या भानगडीत पडत नाहीत. ते याला सरळ 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. मी बावन्नची आहे, तेव्हा तक्रार नाही.

शेवटी गेला तो मेसेज असा:

"मॅडम, नमस्कार. शुक्रवारपासूनची आठ सेशन मी रद्द करतेय. पाहुणे वगैरे काही नाहीत. सहा आठवड्यांत वर जाणारा हात २० अंश वाढला, पण त्यातला काही भाग खांदा उचलून झालाय. बाहेर उघडणारा ५ अंशच. पाठीमागे अंगठा अजून कंबरेच्या वर जात नाही, हुक दुसऱ्या कोणाला लावावे लागतात. घरचे व्यायाम मी सांगितले त्याच्या एक तृतीयांश केले. शुगर कंट्रोलमध्ये आहे असं लिहिलं होतं, ती नाही, ८.४ आहे. एक गोष्ट मात्र सुधारली. तीन आठवड्यांपासून रात्री दुखून जाग येत नाही, डाव्या कुशीवरही झोपता येतं. तुमची काही चूक नाही. पण शेक आणि करंट यात अर्धा तास जातो, त्यासाठी दोन रिक्षा करून येणं आता परवडत नाही. उरलेल्या पैशांचं तुम्ही म्हणाल तसं."

पाठवला आणि फोन उलटा ठेवला. सकाळी सव्वासातला उत्तर आलं होतं. रागाचं असेल म्हणून चहा होईपर्यंत उघडलं नाही.

"काकू, रात्री दुखत नाही हे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. मी दर वेळी विचारते, तुम्ही म्हणता 'तसंच आहे'."

खरं होतं. कोणी 'कसं आहे' विचारलं, की मी 'तसंच' म्हणते. बरं वाटतंय म्हटलं, की दृष्ट लागते.

पुढे त्यांनी जे लिहिलं त्याने मात्र मी खुर्ची ओढून बसले. या दुखण्याच्या तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर दुखणं जास्त, रात्री झोप नाही. तेव्हा जोर लावून ताणलं तर पिशवी आणखी चिडते, म्हणून हलकंच करायचं. दुसऱ्या पायरीवर दुखणं उतरतं आणि आखडलेपणा तेवढा उरतो. तेव्हा ताण वाढवता येतो. तिसऱ्या पायरीवर हळूहळू सुटतं. सगळं मिळून वर्षापासून तीन वर्षांपर्यंत जाऊ शकतं. "तुम्ही पहिल्या पायरीवर आहात असं समजून मी तीन आठवडे हलक्या हाताने करत होते," त्यांनी लिहिलं होतं. "रात्रीचं दुखणं गेलंय, म्हणजे आता ताण वाढवायला हवा होता."

म्हणजे उपचार बदलायला जी माहिती लागत होती, ती मी उपचार बंद करण्याच्या मेसेजमध्ये दिली होती.

मग थोडी घासाघीस झाली. शेक मी घरी गरम पाण्याच्या पिशवीने घ्यायचा, करंट बंद. आठ सेशन आठ वेळा यायचं नाही, तीन आठवड्यांनी एकदा. तेव्हा फरा धरून ताण आणि मोजमाप, बाकी सगळं घरी, पण दिवसातून तीनदा. ताणल्यानंतरचं दुखणं थोड्या वेळात ओसरलं तर ठीक. रात्री जाग आली, तर आपण जास्त ओढलं असं समजून दोन दिवस कमी करायचं. साखर उतरली नाही तर डॉक्टरांकडे परत जायचं. त्यांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं होतं, पण त्याने काही दिवस शुगर चढते म्हणून मीच ते टाळलं होतं.

"आणि काकू, भिंतीवरची रेघ नव्याने मारा. टाचा जमिनीला, आणि उजवा हात डाव्या खांद्यावर दाबून."

दुपारी मारली. भाचीला पहाऱ्याला उभं केलं. बोटं चढली, चढली आणि थांबली. नवी रेघ जुन्या सगळ्यात वरच्या रेघेच्या चांगली वीतभर खाली आली. जुन्या रेघा खोडरबराने पुसायला घेतल्या, पण ऑइलपेंटवर त्या अर्धवटच गेल्या. नव्या रेघेशेजारी भाचीने तारीख घातली आणि खाली कंसात लिहिलं, 'टाचा खाली'.