तुम्ही विचारलंत म्हणून: अंड्यात मीठ आधी का?

"मीठ आधी घातलं की अंड्याला पाणी सुटतं ना? मग तुम्ही फेटतानाच का घालता?"

कारण पाणी सुटते ते आचेमुळे. फेटलेली अंडी तापली की त्यांतील प्रथिने उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवतात. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढेमागे ती मऊ आळतात. त्यानंतरही आच लागत राहिली, तर जाळे पिळलेल्या फडक्यासारखे आवळते आणि पाणी बाहेर टाकते. मागे उरतो तो रबरी चुरा, आणि ताटात दिसते ते त्यातलेच पाणी.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत क्रिकेट स्पर्धेच्या सकाळी न्याहारीला मी स्क्रॅम्बल्ड अंडी केली होती. ती कढईतून उतरली तेव्हा ओलसर, मऊ होती. नंतर ती झाकणाच्या भांड्यात ठेवली गेली. खाली उकळते पाणी, त्याखाली ज्योत, आणि सामना लांबल्यामुळे वाढायला उशीर. झाकण उघडले तेव्हा तळाशी पिवळसर पाणी साचले होते, वर झाकणाची वाफ ठिबकत होती आणि अंड्यांच्या गाठी दाताखाली करकरत होत्या. "अहो, मीठ आधी घातलंत ना, त्याचंच हे," असे शेजारच्या काकूंनी सर्वांसमोर सांगितले आणि तो निकाल आजतागायत कायम आहे. ज्योतीकडे कोणी बोट दाखवले नाही.

वास्तविक मीठ उलटेच करते. प्रथिनांवरील सारखा विद्युतभार त्यांना परस्परांपासून दूर ठेवतो. मीठ तो भार झाकते, त्यामुळे ती पूर्ण उलगडण्याआधीच सैल गुंततात आणि पुढे तितकी घट्ट आवळत नाहीत. मात्र मिठाला वेळ द्यावा लागतो. चार अंड्यांत चहाचा पाव चमचा मीठ घालून पंधरा मिनिटे ठेवले, की मिश्रण किंचित गडद आणि पारदर्शक होते. ती खूण दिसली की मंद आचेवर लोण्यात ढवळत शिजवावे आणि वर अजून ओलसर चकाकी असतानाच उतरवावे, कारण कढईची ऊब उरलेले काम करते. गरोदर किंवा आजारी माणसासाठी मात्र ही चकाकी ठेवू नये. तेथे पूर्ण शिजवणेच योग्य.

मीठ शेवटी घालावे, असे मीही पूर्वी ठासून सांगत असे, आणि त्या मताला आधार नव्हता असे नाही: घाईच्या सकाळी, मोठ्या आचेवर, आधी मीठ घातलेली आणि न घातलेली अंडी मला आजही वेगळी ओळखता येत नाहीत, दोन्ही सारखीच रबरी होतात. टोमॅटोच्या भुर्जीत तर पाण्याचा मोठा वाटा टोमॅटोचाच असतो. तो आधी परतून आटवला नाही, तर मीठ कधी घातले याने फारसा फरक पडत नाही.