माझा अनुभव: सोप्या मराठीतलं संमतीपत्र आणि "सामान्य" नावाचा घोळ

मी एका हॉस्पिटलात स्टडी कोऑर्डिनेटर आहे. संधिवाताच्या एका नवीन गोळीची ट्रायल आमच्याकडे आली, इंग्रजी संमतीपत्राबरोबर मराठी भाषांतरही आलं होतं, पण ते वाचून मलाच घाम फुटला. "यादृच्छिकीकरणाद्वारे आपणांस अभ्यास-औषध अथवा प्लासिबो प्रदान करण्यात येईल" हे गुडघे धरून बसलेल्या बाईला मी काय वाचून दाखवणार? औषधांच्या ट्रायलचे २०१९ चे नियम म्हणतात की माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत हवी, तर ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी ट्रायल करवणाऱ्या कंपनीची, म्हणजे स्पॉन्सरची, परवानगी घेऊन मी ते पुन्हा लिहायला बसले. वाटलं होतं दोन दिवसांचं काम, गेला दीड महिना.

पहिली चूक मी ऐटीत केली. ट्रायलमध्ये सगळ्यांची संधिवाताची आधीची गोळी, मेथोट्रेक्सेट, चालूच राहणार होती आणि त्यावर तिघांमागे दोघांना नवीन गोळी, एकाला प्लासिबो. मी लिहिलं, "कोणाला काय मिळणार ते नाणेफेक केल्यासारखं ठरेल." वाचायला मस्त, पण नाणेफेक म्हणजे निम्मी निम्मी शक्यता, आणि इथे दोनास एक. आमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांनी लगेच पकडलं. मग लिहिलं, "समजा तीन चिठ्ठ्या आहेत, दोनवर नवीन गोळी, एकीवर औषध नसलेली गोळी, आणि न बघता एक उचलायची. असं कॉम्प्युटर ठरवतो, तुमचे डॉक्टर ठरवत नाहीत, आणि कोणाला काय मिळालं ते त्यांनाही कळत नाही." प्लासिबोला आधी मी "खोटी गोळी" म्हटलं होतं, तर वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे फसवणार होय गं आम्हाला?" म्हणून "दिसायला तशीच, पण आत औषध नाही".

खरा घोळ धोक्यांच्या पानावर होता. इंग्रजीत "कॉमन" दुष्परिणामांची यादी होती आणि भाषांतरात सरळ "सामान्य दुष्परिणाम". आता सामान्य म्हटलं की आपल्याला काय वाटतं? साधं, काळजीचं कारण नाही. रिपोर्ट सामान्य आला म्हणजे सगळं ठीक. आणि त्या यादीत लिव्हरची तपासणी बिघडणं पण होतं! म्हणजे शब्दाने धोका किती जणांना होतो ते सांगायचं होतं आणि वाचणाऱ्याला धोका किरकोळ आहे असं कळत होतं. तसंच "दुर्मिळ" चं, मी ते "क्वचितच" केलं तर वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ घेतला "होतच नाही". शेवटी दोन्ही शब्द काढून टाकले आणि ट्रायलच्या आराखड्यात, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, त्या शब्दांची जी व्याख्या होती ती आकड्यात लिहिली: "ही गोळी १०० जणांनी घेतली तर १ ते १० जणांना हा त्रास होऊ शकतो", आणि दुर्मिळसाठी "१०,००० जणांनी घेतली तर १ ते १० जणांना". त्रास किती गंभीर ते वेगळ्या वाक्यात. पान लांबलं, पण लांबू दे.

मग बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे माझी मराठी न बघता दुसऱ्या कोणीतरी परत इंग्रजीत करायची आणि मूळ प्रतीशी ताडून बघायची. तिथे एक वाक्य अडकलं. जंतुसंसर्गाबद्दल मी "जिवावर बेतू शकतं" लिहिलं होतं, परत आलं "जिवाला धोका होऊ शकतो", आणि मुळात स्पष्ट लिहिलेलं की मृत्यू होऊ शकतो. मी जरा वाद घातला, पण विचार केला तर आपण "जिवावर बेतलं होतं, पण वाचलो" असंही म्हणतोच की! म्हणजे त्या वाक्प्रचारात सुटायची वाट उघडी राहते. लिहिलं, "असा संसर्ग फार वाढला तर त्यात मृत्यूही होऊ शकतो." ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

कमिटीकडे पाठवायच्या आधी ओपीडीतल्या पाच जणांना वाचून दाखवलं. "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून तो प्रश्नच नाही विचारला. विचारलं, "घरी जाऊन सुनेला काय सांगाल?" एक काका म्हणाले, "नवीन गोळी चालू झाली की जुनी बंद." झालं! जुनी चालू राहणार हे मी चौथ्या पानावर एका ओळीत टाकलं होतं. ते पहिल्या पानावर, ठळक, आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची तेही तिथेच, कारण ती रोज घेतली तर जिवाला धोका असतो.

कमिटीने एकच प्रश्न विचारला, सोपं केलंय म्हणता, मग ११ पानांची १४ कशी झाली? मी धोक्यांचं पान उघडून समोर ठेवलं. कमिटीतल्या डॉक्टर नसलेल्या एक बाई आहेत, त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "हे मला एका वाचनात कळलं, जुनं तीनदा वाचूनही कळलं नव्हतं." सही झाली, व्हर्जन २.० ची तारीख प्रत्येक पानाच्या खाली टाकली, आणि त्यानंतर एक स्वल्पविराम जरी बदलायचा तरी परत कमिटीकडे जावं लागणार म्हणून आता मी ते उघडतच नाही.