परिपाठातली पाच मिनिटं

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज जागतिक मानसिक आरोग्य दिन. दिनविशेष वाचून झाल्यावर मुख्याध्यापकांनी मला पाच मिनिटं दिली. गेल्या वर्षी याच दिवशी मी "ताण आला तर बोला, मदत मागा" असं सांगितलं होतं. टाळ्या पडल्या, पण एकही मूल आलं नाही. नंतर लक्षात आलं, बोलायला सुरुवात कोणत्या वाक्याने करायची हेच मुलांना ठाऊक नसतं.

म्हणून आज वाक्यंच दिली. "बाई, दोन आठवडे झाले, मला झोप लागत नाही. पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. मला बोलायचंय, कधी येऊ?" काय होतंय, कधीपासून, काय हवंय, एवढंच. सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतलं. आधी हसले, दुसऱ्यांदा नीट म्हणाले.

पेपरच्या आदल्या रात्रीची धडधड पेपर संपला की जाते, हेही सांगितलं. पण झोप, जेवण, खेळ सगळंच दोन-दोन आठवडे बिघडलेलं असेल तर थांबायचं नाही. पहिल्या मोठ्या माणसाने "काही होत नाही, अभ्यास कर" म्हणून वाटेला लावलं, तर दुसऱ्याकडे जायचं. आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन मी देणार नाही, हेही आधीच सांगून टाकलं. जिवाला धोका वाटला तर मला सांगावंच लागेल, पण कोणाला सांगतेय ते तुला आधी कळेल.

मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी आली. तिने तेच वाक्य म्हटलं, अगदी शब्दशः. गणिताचं सहामाहीचं भय, जेवण उतरत नाही, मैत्रिणींत बसावंसं वाटत नाही. मी सरळ विचारलं, "जगूच नये असं वाटतं का कधी?" असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, तरी माझा आवाज कापला. ती लगेच "नाही बाई" म्हणाली आणि मग रडली. मी समजूत काढायची घाई केली नाही. घरी आधी कोणाला सांगायचं ते तिनेच ठरवलं: आईला, बाबांना नंतर. सोमवारी आई शाळेत येईल.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी परिपाठात फळ्यावर लिहिला होता. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ती म्हणाली, "बाई, घरात एकच फोन आहे, तो बाबांच्या खिशात असतो."

हे मला सुचलंच नव्हतं. उद्या मुख्याध्यापकांना विचारते, ऑफिसातला फोन मुलांना दार लावून वापरता येईल का.