मिठाची वात आणि सात पट्टे

शाळेचं नाव काढलं की मला आधी आठवते ती फिजिक्सच्या लॅबमधली स्पिरिटची बत्ती. आमच्या सरांनी एकदा खिडक्या बंद करून तिच्या वातीवर मीठ चोळलं, ज्योत एकदम पिवळीधमक झाली, मग काळ्या कागदावर मायक्रोस्कोपच्या दोन काचेच्या स्लाइड्स एकावर एक ठेवून म्हणाले, ज्योतीचं प्रतिबिंब बघा. काचेत काळे-पिवळे वेडेवाकडे पट्टे होते, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे. बोटाने जरा दाबलं की सरकायचे. सर म्हणाले, दोन काचांच्या मधल्या हवेची जाडी दिसतेय तुम्हाला. इंदूरच्या त्या अंधाऱ्या खोलीत मी किती वेळ ते दाबत बसलो होतो!

पुढे पीथमपूरला एका टूलरूमच्या स्टँडर्ड रूममधे, म्हणजे मापाची साधनं तपासायच्या खोलीत, लागलो आणि पहिल्याच आठवड्यात तेच पट्टे परत भेटले. इथे स्लाइडऐवजी ऑप्टिकल फ्लॅट होता, म्हणजे क्वार्ट्झची जाड गोल चकती, पॉलिश करून जवळजवळ अगदी सपाट केलेली, आणि मिठाच्या ज्योतीऐवजी सोडियम लॅम्प. रंग तोच, कारण मिठातही सोडियमच. एकाच रंगाचा प्रकाश यासाठी की साध्या पांढऱ्या उजेडात प्रत्येक रंगाचे पट्टे वेगवेगळ्या जागी पडतात, दोन-चार रंगीत रेघांनंतर सगळं मिसळून जातं. सोडियमची वेव्हलेंग्थ 589 नॅनोमीटर, प्रकाश फटीतून जाऊन परत येतो म्हणून एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्यापर्यंत फट वेव्हलेंग्थच्या निम्म्याने बदलते, म्हणजे 0.29 मायक्रॉन. एवढा एक आकडा डोक्यात ठेवला की काम होतं.

एकदा 20 मिलिमीटरचा एक वापरलेला स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचा, माप ताडून बघायचा स्टीलचा ठोकळा, तपासायला आला. स्पिरिटने पुसला, ब्रशने धूळ झटकली, वर फ्लॅट अलगद ठेवला (फ्लॅट कधी घासत सरकवायचा नाही, चरे पडतात) आणि लांब कडेला हलकं दाबून लांबीच्या दिशेने तीन पट्टे आणले. सरळ असते तर गेज सपाट. इथे पट्ट्यांची टोकं दाबलेल्या कडेकडे वळत होती, म्हणजे मधे फुगवटा. वळण दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 0.1 मायक्रॉन. ग्रेड 1 ला सपाटपणात 0.15 चालतं, तेव्हा इथे पास.

मग समांतरपणा. क्वार्ट्झच्याच दुसऱ्या फ्लॅटवर खात्रीचा मास्टर गेज आणि हा गेज शेजारी-शेजारी रिंग केले, म्हणजे दाबून-फिरवून असे चिकटवले की मधे हवाच उरू नये, आणि वरून दोघांवर मिळून फ्लॅट ठेवला. आता पट्टे आडवे पडतील असं दाबलं. मास्टरवर सात पट्टे, आपल्यावर नऊ. दोनचा फरक, 0.58 मायक्रॉन, आणि ग्रेड 1 ला या साइझमधे फक्त 0.16 ची मुभा. मी रिजेक्टचं कार्ड लिहायला घेतलं.

आमचे सीनियर, त्यांना सगळे दादा म्हणायचे, म्हणाले, "अरे थांब, आत्ताच हातात धरलावतास ना तो? गरम आहे अजून." स्टीलचा 20 मिलिमीटरचा गेज एका डिग्रीने 0.23 मायक्रॉन वाढतो, एका टोकाला धरला तर तेच टोक उंच होतं. अर्धा तास ठेवला, तरी नऊच. मग दादा म्हणाले, "आता उलटा फिरवून रिंग कर." गेज अर्धा फेरा फिरवून परत लावला, त्याच टोकाला दाबून मास्टरवर परत सात आणले, आणि आपल्या गेजवर आता पाच! म्हणजे दोष खालच्या फ्लॅटचा नाही, गेजबरोबरच फिरतोय. पण गेजच वाकडा आहे असं अजून ठरत नव्हतं. दादांनी सगळं उचलून खालून क्वार्ट्झमधून बघायला लावलं. नीट चिकटलेली जागा खालून सगळीकडे सारखी करडी दिसते. इथे आखूड कडेच्या मधोमध एक चकाकता ठिपका होता आणि भोवती रंगांची कडी. तिथे बारीक बर, म्हणजे धातूचा वर आलेला कंगोरा, होता, कुणीतरी गेज आपटला असणार, आणि त्याच्यावर तो टोक उचलून बसला होता.

आर्कान्सा स्टोन, म्हणजे घासायचा बारीक दगड, अगदी हलक्या हाताने फिरवून बर उतरवला, पुसलं, पुन्हा रिंग केलं, अर्धा तास थांबलो. मास्टरवर सात, आपल्यावर सात, पट्टे एका गेजवरून दुसऱ्यावर जवळपास सरळ जात होते. खालून पूर्ण करडं. रिजेक्टचं कार्ड फाडलं.

त्या वेळी मला सरांची मिठाची वात आठवली. आत्ता शाळेत शिकणाऱ्यांनी करून बघा, दोन स्लाइड्स, काळा कागद, मीठ चोळलेली वात. ज्योतीपाशी सर किंवा मॅडम असूद्यात. मधे एक केस ठेवून एका कडेने फट उघडलीत तर पट्टे केसाला समांतर आणि इतके बारीक होतील की मोजायला लेन्स लागेल.